पंचवीस मिनिटं पुढे

आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे होतं, आणि ते मी पुढे केलं होतं. हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत दडवून ठेवायची माझ्यात ताकद नाही आणि तुम्हीही काही कमी हुशार नाही.

पेडण्यातल्या एका गावात मी बरीच वर्षं अंगणवाडी सेविका आहे. गाव मोठं नाही. वर काजूची बागायत, खाली भातशेती, मधे देऊळ, आणि देवळाच्या मागे आमची एक खोली. मुलं अठरा. नियमाने नऊला उघडायचं, एकला बंद करायचं. आमच्याकडच्या आया मात्र मुलांना आणणार साडेनऊला, आणि वर पुन्हा दारात पाच मिनिटं उभ्या राहून काल कुणाच्या घरी काय शिजलं ते सांगणार. बोलून माझं तोंड दुखलं. मग एके दिवशी स्टुलावर चढले, घड्याळ खाली काढलं आणि काटा पंचवीस मिनिटं पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी पहिली आई आली तिला मी घड्याळ दाखवलं. तिने आपला मोबाइल दाखवला. "टीचर, म्हज्या फोनात साडेनव." मी म्हटलं, "तो तुझा खाजगी टाइम. हा सरकारी." ती हसली. महिन्याभरात साऱ्या वाड्याला, म्हणजे वस्तीला, ठाऊक झालं की टीचरचं घड्याळ पळतं, आणि सगळ्यांनी ते गमतीने मान्यही केलं. मुलं लवकर यायला लागली. घड्याळात नऊ, म्हणजे खरे आठ पस्तीस वाजता, आम्ही प्रार्थना म्हणायचो.

एवढंच असतं तर मला शाबासकीच मिळाली असती. पण घड्याळ पुढे असलं की दुपारी एकही लवकरच वाजतो. मीही माणूस आहे. बारा पस्तीसला कुलूप लावून घरी गेलं, माशाचं हुमण-भात जेवलं, की दुपारच्या झोपेला पंचवीस मिनिटं जास्त मिळतात. गोव्यात राहून दुपारची झोप कमी करणं हे मला पहिल्यापासून पाप वाटत आलं आहे. चार तास ते चार तासच भरतात, असं मी मनाला समजावलं होतं आणि माझं मन समजायला फार वेळ घेत नाही.

अंगणवाडीत मी आणि मदतनीस, अशा आम्ही दोघीच. तिला मी मावशी म्हणते, ती मला टीचर. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. पलीकडच्या गावातून रोज सकाळच्या बसने यायची. खिचडी तिची, झाडलोट तिची, रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन फिरवणं तिचं. माझ्याकडे पाटी, गाणी आणि अधिकार. लग्नाच्या गडबडीत सुटलेलं शिक्षण तिने उतारवयात पुरं केलं होतं. मुलं झोपली की ती खिडकीपाशी, म्हणजे आमच्याकडे जनेल म्हणतात तिथे, पुस्तक घेऊन बसायची. भूगोलात दोनदा आपटली, तिसऱ्यांदा सुटली. आता तिच्याच गावातली सेविका निवृत्त होणार होती आणि मावशीने त्या जागेसाठी अर्ज केला होता. अर्जावर मुख्य सेविकेचा शेरा लागतो. आमच्या मॅडमनी चांगला शेरा दिला तर मावशी टीचर होणार, नाही दिला तर खिचडीच ढवळत राहणार. तिने त्यासाठी दोन नव्या साड्याही घेऊन ठेवल्या होत्या, आणि हे तिने मला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

आता फोनाकडे येते. आम्हाला कामासाठी एक फोन दिलेला आहे. त्यात एक ॲप. मुलांची हजेरी, खिचडी दिल्याची नोंद, महिन्याचं वजन-उंची, सगळं त्यात भरायचं. नेटवर्क नसलं तर ॲप नोंद पोटात ठेवून घेतं आणि नेटवर्क आलं की वर पाठवतं. आमच्या खोलीत नेटवर्क येतं ते जनेलातल्या एका कोपऱ्यात, तेही वाऱ्याची मर्जी असेल तर. म्हणून फोन कायम तिथेच उभा असायचा.

सारं ठीक चाललं होतं. आणि एका सोमवारी ॲप उघडलं तर ते मला ओळखेना. नंबर टाका, ओटीपी टाका. टाकला. आत गेले, हजेरी भरली, ॲप बंद केलं. खिचडीची नोंद करायला पुन्हा उघडलं, तर पुन्हा नंबर टाका, ओटीपी टाका. मला वाटलं, सोमवार आहे, चालायचंच. मंगळवारीही तेच. बुधवारीही. जितक्या वेळा उघडावं तितक्या वेळा ते मला दाराबाहेर काढत होतं. सासूने सुनेला छळावं तसं.

ओटीपी ही एक वेगळीच कहाणी. फोन मिळाला तेव्हा मी घाईघाईत नोंदणीला नवऱ्याचा नंबर दिला होता. नवरा तेरेखोलच्या फेरीबोटीवर कामाला. ओटीपी त्याच्या फोनावर जायचा, आणि त्याचा फोन असायचा केबिनमधल्या पत्र्याच्या डब्यात. बोट नदीच्या मधे असली की इंजिनाच्या आवाजात त्याला रिंग ऐकू येत नाही. ती काठाला लागून गाड्या उतरेपर्यंत ओटीपीची वेळ टळून जायची. तो मग शिळा ओटीपी मोठ्या आवाजात सांगायचा आणि मी त्याहून मोठ्या आवाजात त्याचा उद्धार करायची. चौथ्या दिवशी बोटीवरचे प्रवासीच त्याला सांगायला लागले, "पात्रांव, बायलेचो फोन. नंबर सांगा बेगीन."

तालुक्याच्या ऑफिसात ॲपच्या मदतीसाठी एक मुलगी बसते. कोल्हापूरकडची, गोड बोलणारी, आणि आम्हा सेविकांना ती कधी अडाणी समजत नाही, म्हणून मला आवडते. तिला फोन लावला.

"ताई, जुना डेटा अडकला असंल," ती म्हणाली. "सेटिंगमध्ये जावा, ॲपवर जावा, तिथं कॅशे क्लिअर म्हणून आहे बघा, तेवढं दाबा. बाकी कायबी दाबू नका."

मी सेटिंगमध्ये गेले. तिथे दोन बटणं होती. एकावर कॅशे, एकावर डेटा. मी विचार केला, जुना डेटा अडकला म्हणाली, तर डेटाच साफ करावा, मुळावरच घाव. दाबलं. फोनने विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ॲप नव्या नवरीसारखं कोरं होऊन समोर आलं. वर जायच्या आधीच ॲप मला बाहेर काढायचं म्हणून पोटात अडकलेल्या अठरा मुलांच्या वजनाच्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या.

"ताई, डेटा नव्हं, कॅशे म्हटलं होतं की मी!" ती मुलगी जवळजवळ रडली. "कॅशे म्हणजे नुसती अडगळ. डेटा म्हणजे सगळं घरच. न पाठवलेल्या नोंदी आता परत न्हाई यायच्या."

मग अठरा मुलांना पुन्हा काट्यावर चढवलं. एका चिमुरडीने विचारलं, "टीचर, म्हजें वजन काल हारवलें?" मी हो म्हटलं. ती दिवसभर कोपऱ्याकोपऱ्यात वजन शोधत होती. आणि एवढं करून ॲप काही सुधारलं नाही. उघडलं की बाहेर, उघडलं की बाहेर.

त्या मुलीने आणखी एक गोष्ट विचारली होती, ती मी इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. "ताई, फोनचा टाइम बरोबर आहे नव्हं?" मी फोनाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. दोन्हीत अकरा वाजून दहा. "अगदी बरोबर," मी म्हटलं, "घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळतो." आणि पुढे बोलायला लागले. खोटं फार दिवस भिंतीवर टांगून ठेवलं की ते टांगणाऱ्यालाच खरं वाटायला लागतं. माझा स्वतःचा फोन पर्समध्ये होता, त्यात पावणेअकरा वाजले होते. पण पर्स कोण उघडतंय?

माझा संशय आधी नेटवर्कवर होता, मग सरकारवर, मग नवऱ्यावर. मावशीवरही एकदा आला. मुलं झोपली की ती जनेलापाशी जरा जास्तच रेंगाळते असं मला वाटायचं. एकदा मी हात धुऊन आत आले तर तिने फोन चटकन पालथा ठेवला.

"मावशी, फोनाला हात लावता काय?"

"ना गे टीचर," ती पदराने फोन पुसत म्हणाली, "मिया फक्त पुसतंय. धूळ किती बसता बघा."

मी तिला बजावलं, कामाचा फोन आहे, हात लावायचा नाही. तिने मान हलवली. मला बरं वाटलं. कुणाला तरी रागावलं की अडलेलं काम पुढे गेल्यासारखं वाटतं, ही माझी जुनी खोड आहे.

इकडे तालुक्याला आमची हजेरी तुटक जात होती. एक दिवस आहे, दोन दिवस नाही. आमच्या मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तुमची अंगणवाडी उघडते की नाही तेच मला कळत नाही. शुक्रवारी येते. माझ्यासमोर ॲप चालवून दाखवा. आणि तुमच्या मदतनीसच्या अर्जाचा शेराही तेव्हाच लिहीन. ती कशी काम करते ते बघायचंय."

मावशीने हे ऐकलं आणि त्या दिवशी खिचडीत दोनदा मीठ घातलं.

शुक्रवारी मॅडम आल्या. मावशीने नवीन साड्यांतली एक नेसली होती, चॉकलेटी काठाची. मॅडम खुर्चीवर बसल्या, मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मुलांनी गाणं म्हटलं. मावशीने फळ्यावर अक्षरं काढून दाखवली, एक मूल हात धरून गिरवून घेतलं, आणि खरं सांगते, ते माझ्यापेक्षा तिला बरं जमतं. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग त्या म्हणाल्या, "हं, आता ॲप."

मी ॲप उघडलं. नंबर टाका, ओटीपी टाका. फेरीबोटीवर फोन केला. बोट नशिबाने काठाला होती. नवऱ्याने आकडे सांगितले, मी आत गेले. हजेरी दिसली. मी विजयी चेहऱ्याने मॅडमकडे बघितलं.

"आता बंद करून परत उघडा," त्या म्हणाल्या.

परत दाराबाहेर.

मॅडमनी तालुक्याच्या त्या मुलीला फोन लावून स्पीकरवर घेतलं. तिने सगळं पुन्हा विचारलं. कॅशे साफ केला का? केला. ॲप नवीन आहे का? आहे. मग ती म्हणाली, "मॅडम, फोनचा टाइम तुमच्या घड्याळाशी लावून बघा."

मी म्हटलं, "अगो, तो बरोबर आहे, मी तुला सांगितलं ना. भिंतीवरच्या..."

आणि माझी नजर वर घड्याळावर गेली.

मॅडमनी मनगट वर केलं. भिंतीकडे बघितलं. फोनाकडे बघितलं. "माझ्यात दहा वाजून पाच झालेत. फोनात साडेदहा."

"पंचवीस मिनिटं पुढं?" पलीकडून ती मुलगी ओरडली. "मग बरोबर! मॅडम, असं बघा, ॲप उघडलं की ते वरून एक पास मागवतं. टोकन म्हणतात त्याला. त्यावर लिहिलेलं असतं, हा पास इतक्या वाजेपर्यंतच चालणार. आपल्या ॲपला वीस मिनिटांचा मिळतो, आणि तो संपायच्या आत ॲप मागच्या मागं नवा आणत राहतं, म्हणून आपल्याला पत्ताबी लागत नाही. समजा वर दहा वाजलेत, तर पासवर लिहून आलं दहा वीस. तुमच्या फोनात तेव्हा दहा पंचवीस. फोन म्हणतोय, पास हातात पडायच्या आधीच संपलेला! मग ते तुम्हाला बाहेर घालवतंय. लॉगिन केल्यावर लगेच चालतंय, कारण ही तपासणी ते उघडतानाच करतंय. सेटिंगमध्ये तारीख-वेळेत ऑटोमॅटिक चालू करा."

मॅडमनी स्वतः चालू केलं. फोनात झट्‌कन दहा सात दिसले. एकदा शेवटचं लॉगिन केलं. बंद केलं, उघडलं. थेट आत. पुन्हा बंद, पुन्हा उघडलं. आत. तीन आठवडे मला छळणारं भूत एका बोटाने उतरलं. मला आनंदाने टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मॅडमच्या चेहऱ्यावर टाळ्यांना जागा नव्हती.

"फोन दिला तेव्हा हे ऑटोमॅटिक चालू होतं," त्या म्हणाल्या. "आपोआप बंद होत नाही ते. कुणी बंद केलं?"

मी खरोखरच केलं नव्हतं. मी निष्पाप चेहरा केला. असा चेहरा वर्षातून एकदा खरा असतो.

"मिया," मावशी म्हणाली.

ती पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. पदर दोन्ही हातांत धरला होता. आणि मग सगळं बाहेर आलं. फोनात पंचांगाचं एक ॲप होतं. उघडलं की आजची तिथी मोठ्या अक्षरांत, आणि खाली आपल्या गावचा चंद्रोदय. एकदा वाड्यावरच्या एकीने मावशीला विचारलं होतं, पुढच्या रविवारी जावई यायचाय, त्या दिवशी एकादशी तर नाही ना? जावयाला सुंगटं, म्हणजे कोळंबी, करायची होती. मावशीला पुढची तिथी कशी बघायची ते ठाऊक नव्हतं. म्हणून तिने फोनाचीच तारीख पुढच्या रविवारवर नेली, पंचांग उघडून बघितलं, आणि तारीख मागे आणून ठेवली. एकादशी नव्हती. जावयाला सुंगटं मिळाली. ही बातमी वाड्यावर पसरली आणि मग दुपारी दुपारी जनेलाबाहेर बायका यायला लागल्या. संकष्टी कधी, चंद्र किती वाजता, पाहुणे बुधवारी बोलवू की गुरुवारी. मावशी तारीख पुढे न्यायची, सांगायची, मागे आणायची. अख्ख्या वाड्याचे मासे तिच्या बोटावर चालले होते आणि मला वास नव्हता!

मला हसू आवरेना. मॅडमना ते आलं नाही.

"तारीख मागे आणलीत, ठीक. मग वेळ का बदलली? तारीख बदलली म्हणून वेळ पुढे जात नाही."

"वेळ चुकललीच होती, मॅडम," मावशी म्हणाली. "तीन आठवड्यांआदी तारीख बदलताना बघलंय, तर फोन आमच्या घड्याळापेक्षा पंचवीस मिनटां मागे. म्हटलां, टीचरांच्या कामाचो फोन मागे पडता, त्यांका ओरडो खावचो लागतलो. म्हणान मिया तो घड्याळाप्रमाण सारको केलंय."

मॅडमनी पेन उघडलं. मावशीचा अर्ज त्यांच्या फाइलीत वरच होता. "कामाच्या फोनाशी खेळायचं आणि सेविकेपासून लपवायचं," त्या म्हणाल्या, "अशा बाईच्या ताब्यात मी आख्खी अंगणवाडी कशी द्यावी?"

आता मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. खोटं कशाला लिहू? मी मनातल्या मनात हिशेब घातला. फोन तिने बदलला हे खरंच आहे. मी नको म्हटलं होतं हेही खरं आहे. घड्याळाचं कुणी विचारलेलं नाही. बॅटरी उतरली म्हणून ते पुढे गेलं, असंही म्हणता येईल. बॅटरी उतरली की घड्याळ मागे पडतं, पुढे जात नाही, हे मॅडमच्या लक्षात येईल का? येईल. असं सगळं मी तितक्या वेळात पडताळून बघितलं. मावशी मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिला वाटतच नव्हतं की मी काही बोलायला हवं. तिच्या लेखी चूक तिची होती आणि घड्याळ बरोबर होतं.

तेच मला सहन झालं नाही. रागावली असती तर मी गप्प राहू शकले असते.

"मॅडम," मी म्हटलं, "घड्याळ मी पुढे केलंय. दोन वर्षं झाली."

पेन थांबलं. "का?"

"मुलं वेळेवर यावीत म्हणून."

"आणि बंद?"

ती बाई मुख्य सेविका उगीच झालेली नव्हती.

"बंदही त्याच घड्याळाने," मी म्हटलं. "बारा पस्तीसला."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मागे मी एकदा पाऊण वाजता आले होते. कुलूप होतं. तुम्ही सांगितलं होतं, गावात मयत झालं."

मी ते साफ विसरले होते. कोण मेलं होतं तेही मला आठवेना. बहुधा कुणीच नाही.

मेमो मला तिथेच मिळाला. माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनने लिहिलेला, कारण त्यांच्या पेनातली शाई संपली. मावशीच्या अर्जावर त्यांनी काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. पण उठताना तिला म्हणाल्या, "पंचांगात तारखेच्या बाजूला बाण असतो. तो दाबला की पुढचा दिवस येतो. फोनाला हात लावायची गरज नाही." आणि दारात थांबून म्हणाल्या, "पुढच्या संकष्टीला चंद्र कधी आहे?" मावशीने न बघता सांगितलं. मॅडमनी ते आपल्या डायरीत लिहून घेतलं. तेव्हा मला कळलं, शेरा चांगला आहे.

मुलं गेली. त्या दिवशी आम्ही खऱ्या एक वाजेपर्यंत बसलो. मी स्टुलावर चढून काटा मागे आणला. मावशीने स्टूल धरलं होतं. मी खाली उतरले तरी तिने ते सोडलं नाही.

"टीचर," ती म्हणाली, "हें घड्याळ खरोखर दोन वर्सां पुढे होतां?"

"होय."

"मिया घरचां घड्याळ ह्याच्यावरसून लावलंय." तिच्या बटणांच्या फोनाची बॅटरी सैल, त्यातली वेळ रोज नव्याने बारापासून सुरू व्हायची, त्यामुळे तिला दुसरा आधार नव्हता. शेजारच्यांची घड्याळं वेगळी दिसली तर ती त्यांना सांगायची की आमच्या टीचरांचं घड्याळ सरकारी आहे, तुमचीच मागे आहेत. वाड्यावरच्या साऱ्या बायकांना माझी गंमत ठाऊक होती. ती शिकलेल्या आयांची आणि माझी गंमत होती. मावशीला कुणी सांगितलीच नाही, कारण तिला ठाऊक असणारच असं प्रत्येकीला वाटलं. मलाही.

"रोज सकाळी स्टॉपार अर्धो तास उबी रवतंय," ती हळूच म्हणाली. "पावसात, वतात. माका वाटायचां, बसच रोज उशिरा येता. डायवराक किती गाळी दिल्यो मिया."

मी हसण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती फक्त दोन वर्षांचे उभे पाय मोजत होती. मला तिची माफी मागायची होती आणि मला माफी मागता येत नाही, लहानपणापासून येत नाही. मी म्हटलं, "मावशी, चहा करू?" ती म्हणाली, "साखर कमी."

सोमवारी सकाळी मी स्कूटर घरी ठेवली आणि नवऱ्याला सांगून पलीकडच्या गावात सोडून घेतलं. मावशीच्या स्टॉपवर. तिथे शेड नाही, बाक नाही, एक आंब्याचं झाड आहे आणि त्याची सावली सकाळी नेमकी रस्त्याच्या पलीकडे पडते. मावशी आली ती आपल्या घरच्या घड्याळाने, अजून ते बदललं नव्हतं. मला बघून ती चकित झाली आणि शेजारी येऊन उभी राहिली.

आम्ही उभ्या राहिलो. ऊन मानेवर चढलं. माझे पाय दुखायला लागले तेव्हा मी पर्समधला फोन काढून बघितला. फक्त अकरा मिनिटं झाली होती. मी फोन आत ठेवला. मावशीने ते बघितलं आणि तिने विचारलं नाही किती झाली.

बस आली. अगदी वेळेवर.